डेसमंड कोण? हॉस्टेलमधून आई-बाबांना पत्र

लीड्स,
जूनअखेर

ती. आई-बाबा,

सा. न.

आई, आधी तुझ्या काळजीचं उत्तर देते. डेसमंड नावाचा कुठलाही मुलगा आमच्या हॉस्टेलात नाही. परवा आपण कॉलवर बोलत होतो तेव्हा मागे स्वयंपाकघरात कुणीतरी म्हणालं, "शी गॉट अ डेसमंड." मग सगळे हळहळले, दोघीतिघींनी त्या मुलीला मिठी मारली आणि लगेच हसायलाही लागले. एवढ्यावरून तू काय काय तर्क लढवलेस ते मला मावशीकडून कळलं. कुणाचं लग्न ठरलेलं नाही, कुणी कुणाला फसवलेलं नाही. शेजारच्या खोलीतल्या मुलीचा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला, इतकंच.

फोनवर सांगायला गेले तर बाबा "म्हणजे टक्के किती?" इथेच अडकतात आणि तिथून गाडी माझ्या ६४ वर येते. म्हणून लिहूनच पाठवते. बाबा, कागद-पेन घेऊन बसलात तरी चालेल, पुढे एक छोटं गणित आहे.

"डेसमंड मिळाला" म्हणजे पदवी मिळाली, पण "टू-टू" या वर्गात. इथे ते २:२ असं लिहितात. हे गुणोत्तर नाही, बरं का. आपल्याकडे फर्स्ट क्लास, सेकंड क्लास असतात तसेच इथल्या ऑनर्स पदवीचे वर्ग असतात. सगळ्यात वर फर्स्ट, सगळ्यात खाली थर्ड, आणि मधला जो सेकंड, त्याचे दोन तुकडे. वरचा तुकडा २:१, खालचा २:२. म्हणजे "दुसऱ्या वर्गातला दुसरा भाग". वर्गवारीची ही पद्धत ऑक्सफर्डमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजली आणि मग देशभर पसरली. बहुतेक मुलं सेकंड क्लासातच येत, तेव्हा त्या गर्दीत वेगळं कसं काढायचं म्हणून सेकंडचे दोन भाग झाले. खुद्द ऑक्सफर्डने मात्र ते करायला बराच उशीर लावला.

आता डेसमंड कुठून आला? दक्षिण आफ्रिकेतले बिशप डेसमंड टुटू तुम्हाला माहीत असतील. वर्णभेदाविरुद्ध लढले, १९८४ चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं, पुढे १९८६ मध्ये ते केप टाउनचे आर्चबिशप झाले. त्या काळात इथल्या बातम्यांत त्यांचं नाव सतत असायचं. "टुटू" आणि "टू-टू" हे मोठ्याने म्हणून पाहा. जवळपास एकच. कुठल्या तरी टवाळ विद्यार्थ्याच्या हे लक्षात आलं आणि टू-टूला लोक "डेसमंड टुटू" म्हणू लागले. मग त्यातला टुटूही गळला आणि नुसता डेसमंड उरला. आता ज्याला मधली पायरी माहीत नाही, त्याला हा एखादा मुलगाच वाटणार. त्यात तुझं काही चुकलं नाही.

शेवटचा शब्द गाळण्याची ही खोड विद्यार्थ्यांनी शोधलेली नाही. ती पूर्व लंडनच्या गल्ल्यांतली आहे. तिथल्या जुन्या रहिवाशांना कॉकनी म्हणतात. हातगाडीवाले, बाजारात माल विकणारे, गोदीत काम करणारे असे हे लोक. त्यांच्यात सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी यमकांची एक बोली तयार झाली. १८५९ मध्ये लंडनला बोलीभाषेचा एक कोश छापला गेला, त्यात या यमकबोलीचे शब्द आहेत, म्हणजे तोवर ती चांगलीच मुरलेली होती. पोलिसांना आणि गिऱ्हाइकांना कळू नये म्हणून ती बनवली असं लोक सांगतात. मला वाटतं निम्मी तरी नुसती गंमत म्हणून बनली असावी, कारण त्यातले कित्येक शब्द लपवण्यासारखे नाहीतच. "जिना" हा शब्द पोलिसांपासून कशाला लपवायचा?

तिची रीत अशी. जो शब्द म्हणायचा त्याच्याशी यमक जुळणारी, सगळ्यांच्या तोंडात असलेली दोन-तीन शब्दांची जोडी घ्यायची. मग त्या जोडीतला यमक जुळणारा शब्दच टाकून द्यायचा आणि उरलेला वापरायचा. पाहणे म्हणजे "लुक". त्याला यमक "हुक". खाटकाकडे मांस टांगायचा आकडा असतो तो "बुचर्स हुक". त्यातला हुक गेला. म्हणून आमच्या मजल्यावरचा लंडनचा मुलगा लॅपटॉप पुढे सरकवून म्हणतो, "हॅव अ बुचर्स", म्हणजे जरा बघ. डोकं म्हणजे "हेड", त्याला यमक "लोफ ऑफ ब्रेड", म्हणून "यूज युअर लोफ" म्हणजे डोकं चालव. हे वाक्य तर इतकं रुळलंय की कित्येक इंग्रजांनाही त्यामागे पाव आहे हे आठवत नाही.

मराठीत करून दाखवते, म्हणजे आजीलाही कळेल. समजा "भाव" हा शब्द आपल्याला लपवायचाय. भावला यमक वडापाव. आता पाव टाकून द्या, उरला वडा. मग बाबा मंडईत जाऊन विचारणार, "काय हो, आज कांद्याचा वडा काय?" सांगलीकराने हे नीट समजून उत्तर दिलं तर तो आपल्या गल्लीतला, आणि "आम्ही वडे विकत नाही" म्हणाला तर बाहेरचा. बोलीचं मुख्य काम हेच असतं, कोण आतला आणि कोण बाहेरचा ते लगेच कळतं. आपल्याकडच्या कॉलेजात "केटी लागली" म्हणतात तेही परक्याला काय कळणार?

डेसमंड काटेकोर पाहिलं तर यमक नाही, कारण तिथे दोन शब्दांचा आवाजच एक आहे. पण शेवटचं टाकून पहिलं ठेवायचं ही रीत तीच. आणि एकदा डेसमंड रुळल्यावर पोरांनी बाकीच्या वर्गांनाही माणसं शोधली. फर्स्टला "जेफ हर्स्ट". १९६६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी पश्चिम जर्मनीविरुद्ध तीन गोल केले आणि इंग्लंड ४-२ असं जिंकलं. इंग्लंडच्या पुरुष संघाने त्याआधी किंवा त्यानंतर विश्वचषक कधी आणला नाही, त्यामुळे "मला जेफ मिळाला" म्हणण्यात थोडी ऐट असते. टू-वनला कुणी "अटिला द हन" म्हणतं, म्हणजे पाचव्या शतकात रोमन साम्राज्याला धडकी भरवणारा तो हूण राजा, तर कुणी नाट्यदिग्दर्शक ट्रेव्हर नन यांच्यावरून "ट्रेव्हर". थर्डला "डग्लस हर्ड", हे १९८९ ते १९९५ ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होते. आणि नापास म्हणजे "फेल", त्याला "डॅन क्वेल". हे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते. १९९२ मध्ये एका शाळेत जाऊन त्यांनी मुलाने बरोबर लिहिलेल्या "पोटॅटो"च्या स्पेलिंगमध्ये शेवटी एक जादा अक्षर घालायला लावलं होतं, त्यामुळे नापासासाठी ही निवड अगदी चपखल बसली.

या नावांकडे पाहिलं की ती कुठल्या काळातली आहेत ते कळतं. अटिला सोडला तर सगळी १९८० आणि ९० च्या दशकांत बातम्यांत असणारी किंवा तेव्हाच्या पोरांच्या आईवडिलांच्या आठवणीतली. आमच्या वयाच्या मुलांना डग्लस हर्ड कोण ते सांगता येत नाही. बाकीची नावं आता कुणी क्वचितच घेतं, बहुतेक एखादा प्राध्यापक किंवा कुणाचे तरी वडील. डेसमंड मात्र टिकला. माझ्या मते त्याचं कारण असं की फर्स्ट मिळालेला माणूस सरळ "फर्स्ट" म्हणून सांगतो, त्याला आडपडदा नको असतो. टू-टूवाल्याला मात्र सांगताना जरा हसू आणावं लागतं. हळहळ आणि हसणं एकदम का झालं, ते आता लक्षात आलं असेल.

खुद्द टुटूंबद्दल एक गोष्ट मला फार आवडली. ते १९६२ ते १९६६ लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये धर्मशास्त्र शिकायला होते. दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसाला पोलीस कधीही अडवून परवाना विचारायचे. लंडनमध्ये आल्यावर ते आणि त्यांच्या पत्नी लेआ, रस्ता माहीत असतानाही मुद्दाम पोलिसाला रस्ता विचारायचे, कारण तो पोलीस त्यांना "सर" आणि "मॅडम" म्हणायचा. हे त्यांनी स्वतः नंतर अनेकदा सांगितलंय. ते २०२१ च्या डिसेंबरात गेले. टू-टूला त्यांचं नाव आहे म्हणून त्यांचा अपमान आहे असं इथे कुणी मानत नाही, नुसता आवाजाचा योगायोग.

आता बाबांचा भाग.

बाबा, फर्स्ट म्हणजे सरासरी ७० किंवा वर. ६० ते ६९ म्हणजे टू-वन. ५० ते ५९ डेसमंड. ४० ते ४९ थर्ड, आणि ४० च्या खाली नापास. हे वाचून तुम्ही म्हणणार, सत्तरला पहिला वर्ग, मग अवघड काय आहे? बारावीला आपल्या गल्लीत नव्वदच्या खाली कुणी बोलायचंसुद्धा नाही. पण तुमच्या बी.कॉम.च्या वेळचं आठवा. तेव्हा साठाला फर्स्ट क्लास होता आणि तो मिळाला की पेढे वाटायचे. इथलं मोजमाप त्या काळाच्या जवळचं आहे. १०० पैकी गुण देतात, पण निबंधवजा उत्तर असेल तर वरचे वीस-पंचवीस गुण जवळजवळ वापरतच नाहीत. उत्तर बरोबर आहे, मुद्दे सगळे आलेत, वाचन केलेलं दिसतंय, एवढं असेल तर साठ-पासष्ट. सत्तरच्या वर जायचं तर शिकवलेल्याच्या पलीकडे स्वतःचं काही म्हणणं हवं आणि ते पुराव्याने धरून ठेवलेलं हवं. ऐंशी मिळाले की प्राध्यापक स्वतः ईमेल करून अभिनंदन करतात. गणित, संख्याशास्त्र अशा पेपरांत मात्र नव्वदही पडतात, कारण तिथे उत्तर एक तर बरोबर येतं नाही तर चुकतं.

उत्तरपत्रिकांचा नमुना दुसरा प्राध्यापक तपासून पाहतो, आणि वर दुसऱ्या विद्यापीठातून नेमलेला एक बाहेरचा परीक्षक असतो. सगळीकडचा दर्जा साधारण सारखा राहावा म्हणून ही सोय. त्यामुळे माझे ६४ हे बारावीच्या ६४ सारखे नाहीत. ते टू-वन आहेत, आणि बरे टू-वन आहेत. काकांना सांगताना टक्के सांगू नका, वर्ग सांगा.

आता गणित. शेजारणीने स्वतः कागदावर मांडून मला दाखवलं आणि घरी सांगितलंस तरी चालेल म्हणाली. दर वर्षाला १२० क्रेडिट असतात, तीन वर्षांची मिळून ३६०. पहिल्या वर्षात फक्त पास व्हायचं, त्याचे गुण वर्ग ठरवताना धरत नाहीत. आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला एक भाग वजन आणि तिसऱ्याला दोन भाग. दुसऱ्या विद्यापीठात हे वजन वेगळं असू शकतं, म्हणून कुणाच्या भाच्याचं उदाहरण घेऊन ताडू नका.

दुसऱ्या वर्षी तिचे वीस-वीस क्रेडिटचे सहा पेपर होते. गुण ५२, ५८, ६१, ५५, ४९ आणि ६०. बेरीज ३३५, भागिले सहा, सरासरी ५५.८३. ४९ चा पेपर तिने आजारपणात दिला होता, पण त्याचे कागदपत्र मुदतीत दिले नाहीत.

तिसऱ्या वर्षी तिचा प्रबंध चाळीस क्रेडिटचा, त्यात ६६. तो छान झाला होता, मी वाचलाय. बाकी चार पेपर वीस-वीस क्रेडिटचे, त्यांत ५८, ५९, ५७ आणि ५९. प्रबंध दुप्पट वजनाचा म्हणून ६६ दोनदा धरायचे. १३२ अधिक २३३, झाले ३६५. भागिले सहा, ६०.८३. म्हणजे नुसतं तिसरं वर्ष पाहिलं तर ती टू-वनमध्ये आहे.

आता दुसरं वर्ष एकदा, तिसरं दोनदा. ५५.८३ अधिक १२१.६७, एकूण १७७.५०. भागिले तीन. ५९.१७.

साठाला एक गुणसुद्धा कमी नाही, पण आहे खालीच. बाबा, तुम्ही लगेच म्हणाल, ग्रेस मार्क देऊन टाकायचे. ग्रेस नाही, पण सीमारेषेवरच्या मुलांसाठी एक नियम आहे. आमच्याकडे तो असा. सरासरी वरच्या वर्गापासून दोन गुणांच्या आत असेल, म्हणजे ५८ ते ६० च्या मधे, आणि तिसऱ्या वर्षाच्या निदान निम्म्या क्रेडिटना वरच्या वर्गाचे गुण असतील, तर वरचा वर्ग देतात. सरासरीची अट तिने पार केली. आता क्रेडिट मोजा. १२० चे निम्मे ६०. तिचा प्रबंध ४० क्रेडिटचा, तो साठाच्या वर आहे. उरलेल्या चारांपैकी एकही पेपर साठाला टेकला नाही. चाळीसच झाले. वीस कमी पडले.

दोन पेपर ५९ वर अडकले होते. त्यातल्या कुठल्याही एकाला ६० मिळाले असते तर चाळीस अधिक वीस, साठ क्रेडिट झाले असते आणि टू-वन मिळालं असतं. एका पेपरातला एक गुण. काही विभागांत निबंधाला ५९ किंवा ६९ द्यायचेच नाहीत असा संकेत आहे, म्हणजे परीक्षकाने ठरवायचं, हा वरचा की खालचा, आणि ५८ किंवा ६२ द्यायचे. पण हे दोन्ही पेपर आकडेमोडीचे होते. प्रश्नाप्रश्नाच्या गुणांची बेरीज जी येईल ती येते. तिथे कुणी "चला, साठ करू" म्हणत नाही.

मग रीचेकिंग? झेरॉक्स मागवायची? पुनर्मूल्यांकन? मला माहीत होतं तुम्ही हे विचारणार, कारण मीही तेच विचारलं आणि सगळे माझ्याकडे बघतच राहिले. इथे अपील करता येतं, पण ते बेरीज चुकली, नियम पाळले नाहीत, आजारपणाचा अर्ज नीट पाहिला नाही अशा कारणांवर. "माझ्या उत्तराला जास्त गुण हवे होते" हे कारण चालत नाही. परीक्षकाचं मत अंतिम. आणि पास झालेला पेपर गुण वाढवण्यासाठी पुन्हा देता येत नाही. नापास झालात तर पुन्हा बसता येतं, पण मग साधारणपणे कितीही छान लिहिलं तरी ४० च्या वर गुण मोजत नाहीत. आपल्याकडची "इम्प्रूव्हमेंट" ही कल्पना समजावताना माझी दमछाक झाली. शेवटी लंडनचा मुलगा म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे हरलेला सामना पुन्हा खेळता येतो?" त्याला काय सांगणार.

आजारपणाचं मात्र लक्षात ठेवा, कारण मी पुढच्या वर्षी या वाटेने जाणार आहे. परीक्षेच्या वेळी ताप आला, घरी काही झालं, तर दाखला जोडून अर्ज करायचा आणि तो ठरलेल्या मुदतीतच. निकालानंतर सांगितलं तर "तेव्हा का नाही सांगितलंस" याचं पटणारं कारण द्यावं लागतं. शेजारीण तेव्हा म्हणाली होती, जाऊ दे, दुसरंच वर्ष आहे. तो पेपर ४९ ऐवजी पंचावन्नचा असता तर बाबा, तुम्हीच हिशोब करून बघा, दुसऱ्या वर्षाची बेरीज ३४१ होते, सरासरी ५६.८३ आणि अंतिम आकडा ५९.५०. काही विद्यापीठांत तो साठ धरला जातो. आमच्याकडे पूर्णांक करतात की नाही यावर परवा रात्री स्वयंपाकघरात बरीच वादावादी झाली, नियमांचं पुस्तक उघडलं गेलं. तिला त्याचा काही उपयोग नव्हता, पण सगळ्यांना तेवढंच बरं वाटलं.

आता या डेसमंडने तिचं काय बिघडणार? आईला हेच कळत नाहीये की पदवी मिळाली तर रडायचं कशाला. कारण असं की इथल्या बऱ्याच मोठ्या कंपन्या पदवीधरांच्या भरतीला "किमान टू-वन" अशी अट घालत आल्यात. अर्ज ऑनलाइन असतो, त्यात वर्ग निवडायचा रकाना असतो आणि टू-टू निवडलं की अर्ज तिथेच गळतो, तुमचा प्रबंध कुणी वाचायलासुद्धा घेत नाही. गेल्या काही वर्षांत काही कंपन्यांनी ही अट काढून टाकली आहे, पण सगळ्यांनी नाही. चांगल्या विद्यापीठांत एम.एस्सी.ला जायचं तरी बहुतेक ठिकाणी टू-वन मागतात.

शिवाय टू-टू पूर्वीइतका सर्रास राहिलेला नाही, त्यामुळे तो जास्त लागतो. इंग्लंडमध्ये २०१०-११ साली साधारण सहा मुलांमागे एकाला फर्स्ट मिळायचा. २०२०-२१ मध्ये हे प्रमाण एक तृतीयांशाच्याही पुढे गेलं, कारण कोविडच्या काळात मुलांचं नुकसान होऊ नये म्हणून विद्यापीठांनी नियम सैल केले होते. नंतर ते थोडं खाली आलं. पण फर्स्ट आणि टू-वन मिळून पाहिलं तर आता चारांतल्या तिघांहून जास्त मुलं तिथे असतात. म्हणजे जिथे मधली गर्दी होती ती सगळी वर सरकली, आणि टू-टू पूर्वी सर्वसामान्य होता तो आता मागे राहिलेल्यांचा झाला. गुण फुगले की मुलं हुशार झाली यावर इथे वर्तमानपत्रांत दरवर्षी भांडण असतं. मला दोन्ही थोडंथोडं खरं वाटतं, पण ५९.१७ वाल्या मुलीला त्याचा काय उपयोग.

तिचं मात्र फार अडणार नाही. तिला शाळेत शिकवायचंय. इंग्लंडमध्ये शिक्षक व्हायच्या अभ्यासक्रमासाठी पदवी पुरते, आणि ज्या विषयांना सरकारी विद्यावेतन असतं तेही बहुतेक टू-टूला मिळतं. तिने आधीच अर्ज केलेला होता. तेव्हा मिठ्या मारून झाल्यावर तिनेच फळ्यावर लिहिलं, "रूम ७: डेसमंडसह सुखी". स्वयंपाकघरातला फळा म्हणजे दूध संपलं, कचरा कुणी टाकायचा असलं लिहायला असतो.

आई, तू हा शब्द कुठे वापरू नकोस एवढीच विनंती. तो ज्याचा निकाल आहे त्याने स्वतःबद्दल म्हणायचा किंवा जवळच्या माणसाने म्हणायचा. परक्याने "अच्छा, तुला डेसमंड का?" म्हटलं तर ते खोचक लागतं. बायोडेटात किंवा कुठल्याही अर्जात तर चुकूनही नाही, तिथे लोअर सेकंड क्लास असंच लिहायचं. आणि काकूने कॉलवर विचारलं तर सांग की माझ्या शेजारणीला सेकंड क्लास मिळाला. विषय संपला.

माझं दुसऱ्या वर्षाचं अंतिम गुणपत्रक जुलैत पोर्टलवर येईल. त्यात प्रत्येक पेपराचे गुण आणि खाली वर्षाची सरासरी असते. वर्ग लिहिलेला नसतो, तो शेवटीच ठरतो. सरासरी ६२ च्या वर राहिली तर तिसऱ्या वर्षात मला थोडी मोकळीक मिळते. फर्स्टचं म्हणाल तर ६२ वरून ७० गाठायला तिसऱ्या वर्षी सरासरी ७४ लागेल. ६२ अधिक दोनदा ७४, भागिले तीन. करून बघा, बरोबर ७० येतात. इथे ७४ म्हणजे काय ते वर लिहिलंच आहे, तेव्हा शेजाऱ्यांना आत्ताच काही सांगून ठेवू नका.

आजीला नमस्कार. तिचा थालीपीठाच्या भाजणीचा डबा अजून पुरतोय.

तुमची,
मनू

ता. क. आई, शुक्रवारी हे लोक मला "रूबी"ला नेणार आहेत. आधीच सांगते, रूबी ही कुणाची आई किंवा मैत्रीण नाही. रूबी मरे ही बेलफास्टची गायिका. १९५५ मध्ये एकाच आठवड्यात तिची पाच गाणी इथल्या पहिल्या विसात होती. मरेला यमक "करी". मरे टाकली, रूबी उरली. म्हणजे आम्ही हिंदुस्थानी जेवायला चाललोय. हॉटेल बांगलादेशातल्या सिल्हेटच्या माणसाचं आहे, भात चांगला असतो आणि वरण मागितलं तर "तडका डाळ" येते, त्यात लसूण भरपूर.